नोकरीसाठी तुम्ही ‘जास्त शिकलेले’ आहात, हे प्रामाणिकपणे कसं सांगतात? आर्वीतल्या शेतकरी कंपनीचं उदाहरण

जानेवारी २०१९ मधली एक बातमी तुम्हाला आठवत असेल. मुंबईत मंत्रालयाच्या कॅन्टीनमध्ये वेटरच्या १३ जागा भरायच्या होत्या. पात्रता होती चौथी पास. अर्ज आले जवळपास सात हजार, आणि निवड झालेल्या १३ जणांपैकी १२ जण पदवीधर निघाले. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई पोलीस शिपायांच्या हजारभर जागांसाठी सुमारे दोन लाख अर्ज आले होते. त्यात इंजिनिअर होते, एमबीए होते, वकीलही होते.

अशा बातम्यांवर चर्चा होते ती बेरोजगारीची, आणि ती व्हायलाच हवी. पण एक प्रश्न मागे राहतो. समोर बसलेला उमेदवार त्या जागेपेक्षा खूप जास्त शिकलेला आहे, हे दिसत असताना मुलाखत घेणाऱ्याने त्याला काय सांगावं?

बहुतेक ठिकाणी काहीच सांगत नाहीत. ‘कळवतो तुम्हाला’ म्हणतात आणि फोन येत नाही. काही ठिकाणी याच्या उलट होतं. स्वस्तात चांगला माणूस मिळतोय म्हणून घेऊन टाकतात आणि सहा महिन्यांनी तो सोडून गेला की नावं ठेवतात. तिसरा रस्ता म्हणजे जागा त्याच्यासाठी का बरी नाही ते तोंडावर आणि कारणांसकट सांगायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि त्याला साजेशी जागा माहीत असेल तर तिचा पत्ता द्यायचा. हा रस्ता दिसतो तितका सोपा नाही. तो समजून घेण्यासाठी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत जाऊया.

आर्वीच का?

आर्वी हे कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. एकेकाळी कापसासाठी इथून पुलगावपर्यंत छोटी रेल्वे धावायची. आज इथल्या शिकलेल्या मुलामुलींची गाडी साधारण ठरलेली असते: शिक्षणाला अकोला, अमरावती किंवा नागपूर आणि नोकरीला नागपूर नाहीतर पुणे. त्यातले काही जण परत येतात. कुणाच्या वडिलांची तब्येत बिघडलेली असते, कुणाला शेती सोडवत नाही, कुणाचं लग्न इकडे झालेलं असतं. परत आल्यावर गावात मिळणारी नोकरी त्यांच्या पदवीच्या मानाने लहान असते.

अशा गावात गेल्या काही वर्षांत एक नवा मालक तयार झालाय, तो म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी. काहीशे शेतकरी भागधारक होऊन कंपनी नोंदवतात, एकत्र खत-बियाणं आणतात आणि एकत्र माल विकतात. केंद्र सरकारने २०२० मध्ये अशा १०,००० संस्था उभ्या करण्याची योजना सुरू केली.

या योजनेत आपल्या विषयासाठी कामाची एक तरतूद आहे. कंपनी सुरुवातीला कमावत नसते, म्हणून पहिल्या तीन वर्षांच्या व्यवस्थापन खर्चासाठी जास्तीत जास्त १८ लाख रुपये मिळतात. त्यात दोन पगारी माणसं धरली आहेत. सीईओला महिना २५,००० रुपयांपर्यंत आणि अकाउंटंटला महिना १०,००० रुपयांपर्यंत. अकाउंटंटसाठी बारावीपर्यंत गणित किंवा वाणिज्य शाखा पुरते. सीईओसाठी मात्र कृषी, कृषी विपणन किंवा व्यवसाय व्यवस्थापन अशा विषयातलं शिक्षण अपेक्षित आहे.

म्हणजे एकाच छोट्या ऑफिसात दोन खुर्च्या, पण पात्रता, पगार आणि काम अगदी वेगळं. म्हणूनच ‘जास्त शिकलेला उमेदवार’ हा प्रकार इथे स्वच्छ दिसतो.

समजा, अशी मुलाखत आहे

आता एक प्रसंग कल्पून पाहू. आर्वी तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीला अकाउंटंट हवाय. कंपनीचे साडेतीनशे सभासद आहेत. योजनेची दोन वर्षं संपली आहेत, एक उरलंय. अर्ज आलाय २७ वर्षांच्या एका मुलीचा. ती बी.एस्सी. कृषी आहे, त्यावर कृषी व्यवसायातलं एमबीए आहे, आणि नागपूरला एका खत कंपनीत तीन वर्षं विक्रीचं काम केलंय. तिथे पगार ३२,००० होता. आता ती आर्वीजवळच्या आपल्या गावात परत आलीय.

मुलाखत घेताहेत कंपनीचे अध्यक्ष. ते स्वतः शेतकरी आहेत, पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी बायोडाटा वाचला आणि डोक्यात दोन विचार एकदम आले. पहिला, ही पोरगी दोन महिन्यांत निघून जाईल. दुसरा, एवढी शिकलेली माणूस दहा हजारात मिळतेय, सोडायची कशाला?

दोन्ही विचार कोणाच्याही मनात येतील असेच आहेत. पण दोन्हींत एक खोट आहे. पहिल्यात ते तिला न विचारताच तिच्या वतीने ठरवून टाकतात. दुसऱ्यात तिला न सांगता तिचा वापर करतात.

आधी विचारायचं, मग सांगायचं

प्रामाणिक बोलण्याची सुरुवात प्रश्नाने होते, कारण ‘जास्त शिकलेली’ हा शब्द बायोडाट्यावरून ठरतो आणि माणूस का आला ते बायोडाट्यात लिहिलेलं नसतं.

“ताई, तुमचा कागद पाहिला. शिक्षण चांगलं आहे, नोकरीही चांगली होती. मग ही जागा कशाला? रागावू नका, सरळ विचारतो.”

“काका, बाबांना मागच्या वर्षी लकवा झाला. भाऊ लहान आहे. सहा एकर आहे, ती कोण पाहणार? मला आता आर्वीच्या आसपासच राहायचंय. म्हणून जे निघालं त्याला अर्ज केला.”

या एका उत्तराने अर्धं चित्र बदललं. ‘नागपूरला परत पळेल’ ही भीती बरीच कमी झाली. पण दुसरी गोष्ट उघड झाली. तिला ही नोकरी हवीय असं नाही, तिला आर्वीजवळ नोकरी हवीय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुढचं सगळं बोलणं या फरकावर उभं राहतं.

‘जास्त’ म्हणजे नेमकं काय जास्त?

‘तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात’ या वाक्यातून उमेदवाराला काहीच कळत नाही. आपली पदवी हाच आपला गुन्हा, असं त्याला वाटतं. म्हणून ते वाक्य न बोलता जागेचे तीन हिशेब मांडायचे: रोजचं काम काय, पैसे किती आणि किती दिवस, आणि या खुर्चीतून पुढे कुठे जाता येतं.

पहिला हिशेब कामाचा. अध्यक्ष सांगतात:

“काम पहिले समजून घ्या. पावत्या फाडायच्या, टॅलीत चढवायच्या. सभासदांचं भागभांडवल रजिस्टर, खताचा स्टॉक, जीएसटीची माहिती सीएकडे वेळेत पाठवायची. जूनमध्ये बियाण्या-खताची गर्दी. ऑक्टोबरपासून सोयाबीन आलं की काट्यावरच्या पट्ट्या आणि चुकारे. शेतकऱ्याचा सातबारा, आधार, बँक पासबुक जुळवायचं. एक आकडा चुकला की पैसे दुसऱ्याच्या खात्यात. कोणतं पीक घ्यायचं, कुणाला विकायचं, हे सारं सीईओ आणि संचालक ठरवतात. त्यात अकाउंटंटला कोणी विचारत नाही.”

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिचं शिक्षण नेमकं ‘काय विकायचं, कुणाला विकायचं’ याचं आहे, आणि या खुर्चीत तेच वापरायला मिळणार नाही. ‘जास्त शिक्षण’ याचा अर्थ इथे ‘जे शिकलात त्याला या कामात जागा नाही’ असा आहे. असं सांगितलं की ती तिच्यावरची टीका राहत नाही, ते जागेचं वर्णन होतं.

दुसरा हिशेब पैशाचा, आणि इथे लपवालपवी सर्वात जास्त होते.

“पगार दहा हजार. तो योजनेतून येतो. योजनेचं एकच वर्ष राहिलंय. त्यानंतर कंपनीने आपल्या नफ्यातून द्यायचा. आमची उलाढाल सध्या एवढी नाही की मी तुम्हाला पुढच्या वर्षी पंधरा देईन असं सांगू शकतो. सांगितलं तर ते खोटं होईल.”

आकडे मांडून पाहिले तर अध्यक्ष कमीपणा सांगत नाहीत, हे दिसतं. सीईओचे २५,००० म्हणजे तीन वर्षांत ९ लाख. अकाउंटंटचे १०,००० म्हणजे ३ लाख ६० हजार. दोन्ही मिळून १२ लाख ६० हजार. १८ लाखांतले उरले ५ लाख ४० हजार, त्यात ऑफिसचं भाडं, वीज, प्रवास, सगळं. पगार वाढवायला पैसे कुठे आहेत?

तिसरा हिशेब पुढच्या वाटेचा. मोठ्या कंपनीत लहान जागेवर शिरून वर चढता येतं. इथे पगारी माणसंच दोन. अकाउंटंटच्या वर एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर कुणीतरी बसलेलं आहे. “तो सोडून गेला तर तुमचा विचार करू” हे ऐकायला गोड वाटतं. पण तो सोडणार आहे की नाही हे अध्यक्षांनाही माहीत नसतं. ज्या गोष्टीवर आपला ताबा नाही ती आमिष म्हणून दाखवायची नाही, हा साधा नियम.

सगळ्यात अवघड वाक्य

आता अशी एक गोष्ट, जी बहुतेक मुलाखतींत बोललीच जात नाही. जास्त शिकलेला माणूस मालकाला कधीकधी गुपचूप फायद्याचा असतो.

शेतकरी कंपनीला खत आणि कीटकनाशकं विकायची असतील तर परवाना लागतो आणि त्यासाठी नियमांत बसणारं शिक्षण, म्हणजे कृषीची पदवी किंवा तसा अभ्यासक्रम केलेला माणूस दाखवावा लागतो. आपली उमेदवार बी.एस्सी. कृषी आहे. तिला अकाउंटंट म्हणून दहा हजारात घ्यायचं, परवान्याच्या कागदावर तिची पदवी लावायची आणि शेतकरी आले की ‘ताईला विचारा, कोणती फवारणी घ्यायची’ म्हणायचं. म्हणजे पगार एका माणसाचा आणि काम दोघांचं. मोह मोठा आहे आणि तो वाईट माणसालाच होतो असं नाही. पैसे नसलेल्या संस्थेला तो हमखास होतो.

प्रामाणिक माणूस हे आधीच टेबलावर ठेवतो:

“आणखी एक गोष्ट. तुमची पदवी आमच्या परवान्याला उपयोगी आहे. तुम्ही अकाउंटंट झाल्या तर उद्या कोणीतरी म्हणेल, ताईचं सर्टिफिकेट लावून टाका. मी आजच सांगतो, ते काम वेगळं आहे, त्याची जबाबदारी वेगळी आहे आणि दहा हजारात ते मागणं बरोबर नाही.”

हे बोलल्याने कंपनीचं थोडं नुकसान होतं, हे खरं. पण न बोलल्यास काय होतं ते पाहा. तीन-चार महिन्यांत तिच्या लक्षात येतं की आपण दोन कामं करतोय. तोवर सोयाबीनची खरेदी संपून तुरीची सुरू झालेली असते, म्हणजे वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ. ती तेव्हा सोडून गेली तर शेतकऱ्यांचे चुकारे अडकतात, ३१ मार्चचा हिशेब अर्धा राहतो आणि लेखापरीक्षणाच्या वेळी कोणती पावती कशाची हे सांगायला कोणी नसतं. चूक अध्यक्षांची आणि थांबलेले पैसे सभासदाचे. म्हणून अशी मुलाखत नीट होणं ही फक्त त्या दोघांमधली बाब नाही.

‘दुसरी चांगली जागा’ म्हणजे पत्ता

“तुम्हाला याहून चांगलं मिळेल” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात सूचना काहीच नसते. माणसाला दारापर्यंत सोडून येण्याची ती एक पद्धत असते.

दुसरी जागा सुचवली असं कधी म्हणायचं? जागेचं नाव, ठिकाण आणि तिथे कुणाशी बोलायचं, या तिन्ही गोष्टी सांगितल्या तर. आपल्या प्रसंगात अध्यक्षांना हे जमण्यासारखं आहे, कारण तालुक्या-तालुक्यातल्या शेतकरी कंपन्यांचे संचालक एकमेकांना ओळखतात. प्रशिक्षणात, जिल्ह्याच्या बैठकीत त्यांची भेट होते.

“शेजारच्या कारंजा तालुक्यात आमच्यासारखीच एक कंपनी आहे. तिथे सीईओची जागा रिकामी आहे, मागच्या बैठकीत त्यांचे अध्यक्ष बोलले होते. तुमचं शिक्षण त्या जागेच्या अटीत बसतं. मी त्यांना आज फोन करतो आणि तुमचा कागद पाठवतो. चालेल ना? पण घेतील की नाही ते त्यांचं संचालक मंडळ ठरवेल, मी शब्द देऊ शकत नाही. आणि एक विचारून घ्या, त्यांच्या योजनेची किती वर्षं शिल्लक आहेत? दोन असतील तर पंचवीस हजार दोन वर्षं. सहा महिनेच असतील तर पुढच्या पगाराचं काय, हे पहिल्याच दिवशी विचारा.”

यात चार गोष्टी नीट झाल्यात. जागा खरी आहे, ऐकीव नाही. तिची पात्रता जुळते हे तपासलंय. बायोडाटा पुढे पाठवण्याआधी तिला विचारलंय, कारण उमेदवाराचा कागद त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देणं बरं नाही. आणि सुचवलेल्या जागेतली अडचणही सांगितलीय. आपली जागा खराब आणि दुसरी सोन्याची, असं चित्र रंगवलं तर तो फक्त नकार गोड करण्याचा प्रकार ठरतो.

आणि समजा अध्यक्षांना अशी जागा माहीतच नसती तर? मग तसं सांगायचं. “माझ्या माहितीत आज काही नाही” हे पाच शब्द खोट्या आशेपेक्षा बरे. पण कुठल्या प्रकारची जागा शोधायची हे सांगता येतं. जिला आर्वीच्या आसपास राहायचंय आणि कृषी व्यवसाय येतो, तिने बियाणं-खत कंपन्यांची तालुका प्रतिनिधीची जागा, बँकेतली कृषी कर्जाची जागा किंवा शेतकरी कंपन्या उभ्या करून देणाऱ्या संस्थांमधली जागा पाहावी. अकाउंटंटच्या जाहिराती सोडून या दिशेला वळली तरी तिचे कित्येक महिने वाचतात.

ती म्हणाली, ‘तरी मला हीच हवी’ तर?

ही शक्यता खरी आहे. कारंजाला रोज जाणं-येणं जमणार नाही, बाबांना दुपारी औषध द्यावं लागतं, ऑफिस घराजवळ आहे. माणसं पगार आणि पद सोडून इतरही गोष्टी पाहून निर्णय घेतात.

इथे मुलाखत घेणाऱ्याची एक जुनी समजूत तपासायला हवी. जास्त शिकलेला माणूस नाराजच राहणार आणि कामात लक्ष देणार नाही, असं सरसकट मानलं जातं. बेरीन एर्दोगान आणि टाल्या बाऊर या दोन संशोधकांनी तुर्कस्तानातल्या एका दुकानसाखळीतल्या विक्री कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. आपण या कामासाठी जास्त पात्र आहोत असं वाटणाऱ्यांची विक्री कमी नव्हती, उलट चांगली होती. त्यांची नाराजी आणि नोकरी सोडण्याचा विचार मात्र एका गोष्टीवर अवलंबून होता: कामात त्यांना स्वतः ठरवण्याची मोकळीक किती आहे. मोकळीक असेल तिथे नाराजी ओसरत होती.

तुर्कस्तानातली दुकानं आणि आर्वीतली शेतकरी कंपनी एक नव्हे. पण त्यातून अध्यक्षांना एक उपयोगी प्रश्न मिळतो: पगार वाढवता येत नसेल तर या खुर्चीत ठरवण्याचा काही अधिकार घालता येईल का?

उदाहरणार्थ, पुढच्या खरिपासाठी सभासदांची खत-बियाण्याची मागणी गोळा करून खरेदीचा आराखडा तिने मांडायचा आणि संचालक मंडळासमोर तीच बोलणार. परवान्यासाठी पदवी लावायची असेल तर त्या कामाचे वेगळे पैसे, किंवा विक्रीवर ठरावीक वाटा, संचालक मंडळाच्या ठरावात लिहून. आणि मुदत स्पष्ट: मार्चअखेरचा हिशेब पूर्ण होईपर्यंत सोडायचं नाही, त्यानंतर दोघांनी बसून पुन्हा बोलायचं. मधेच जावं लागलं तर एक महिना आधी सांगायचं.

हे कागदावर आलं तर ‘ही निघून जाईल’ या भीतीचंही उत्तर मिळतं. निघून जाणं हा धोका उरत नाही. कधी जाणार हे माहीत असलेली ती एक गोष्ट होते, आणि तोवर कंपनी दुसरा अकाउंटंट तयार करू शकते.

अर्थात यालाही मर्यादा आहे. कंपनीला द्यायला ना पैसे आहेत ना अधिकार, आणि काम फक्त पावत्यांचंच आहे, तर नकार देणंच बरं. तोही कारणासकट आणि त्याच आठवड्यात.

सरकारी भरतीत हे का चालत नाही?

तुम्ही म्हणाल, मंत्रालयाच्या कॅन्टीनच्या मुलाखतीत कोणी असं का नाही बोललं? कारण तिथे समोरच्या अधिकाऱ्याला तशी मुभा नसते. जाहिरातीतली पात्रता आणि परीक्षेतले गुण ठरवतात. चौथी पास ही किमान अट असेल आणि कमाल अट नसेल, तर पदवीधराला ‘तुम्ही जाऊ नका’ म्हणता येत नाही.

पण जाहिरातीतच कमाल अट असेल तर गोष्ट बदलते. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीत अट होती की उमेदवार बारावी पास हवा, पण १ जानेवारी २०१६ रोजी पदवीधर नको. ओडिशातल्या एका उमेदवाराने आपली पदवी अर्जात लपवली. निवड झाल्यावर बँकेला ते कळलं आणि त्याला रुजू होऊ दिलं नाही. उच्च न्यायालयात तो जिंकला, पण ३ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. पात्रता काय असावी हे मालक ठरवू शकतो आणि महत्त्वाची माहिती लपवणाऱ्याला नेमणुकीचा हक्क सांगता येत नाही, असा त्याचा आशय होता.

यातला धडा खासगी नोकरीलाही लागू पडतो. अनेक जण बायोडाट्यातून एमबीए काढून टाकतात, म्हणजे ‘जास्त शिकलेले’ म्हणून नकार येणार नाही. पण मधली दोन वर्षं कुठे गेली, हा प्रश्न येतोच. आणि खोटं उघडं पडलं की नोकरी जाते ती शिक्षणामुळे नाही, लपवल्यामुळे.

तुम्ही उमेदवार असाल तर

पदवी लपवण्यापेक्षा कारण सांगणं जास्त उपयोगी. अर्जाबरोबरच्या पत्रात दोन ओळी लिहा: मी गावात परत का आलोय, किमान किती दिवस इथे आहे आणि या जागेचा पगार मला माहीत आहे. मुलाखत घेणाऱ्याच्या मनातले पहिले तीन प्रश्न तिथेच सुटतात.

आणि ‘तुम्ही जास्त शिकलेले आहात’ हे ऐकायला मिळालं तर एकच प्रश्न शांतपणे विचारा: “या कामातलं नेमकं काय मला पुरणार नाही असं तुम्हाला वाटतं?” खरं कारण असेल तर उत्तरात काम, पैसे किंवा पुढची वाट यातलं काहीतरी ठोस येईल. समोरचा गडबडला, ‘तसं नाही, पण...’ म्हणू लागला, तर कारण बहुधा दुसरंच आहे. कधी वय, कधी लग्न झालेली बाई, कधी जागा आधीच कुणाला तरी ठरलेली. ‘ओव्हरक्वालिफाइड’ हा शब्द यावर पांघरूण घालायला फार सोयीचा आहे. अशा ठिकाणी वाद घालून हाती काही लागत नाही, पण आपल्या पदवीला दोष देत घरी येण्याचंही कारण नाही.

दुसरा प्रश्नही विचारायला हरकत नाही: “माझ्यासारख्याला बसेल अशी जागा तुमच्या माहितीत कुठे आहे का?” आर्वीसारख्या गावात जागा जाहिरातीत यायच्या आधी बैठकीत, बाजार समितीत, चहाच्या टपरीवर बोलल्या जातात. ज्याने तुम्हाला नकार दिला, त्यालाच पुढच्या जागेची माहिती असण्याची शक्यता बरीच असते. फक्त ती माहिती तो तेव्हाच देतो, जेव्हा नकार देताना दोघांनीही एकमेकांशी खरं बोलायचं ठरवलेलं असतं.